ड्रोनच्या नकाशात शेत लाल दिसलं, म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या दोन-तीन वर्षांत ड्रोन आणि शेती हे दोन शब्द एकत्र ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. त्यात महिला बचत गटांना 15,000 ड्रोन द्यायचं ठरलं आणि किमतीच्या 80 टक्के, पण जास्तीत जास्त 8 लाख रुपये इतकं अनुदान जाहीर झालं. हे ड्रोन मुख्यतः फवारणीचे आहेत. त्यांच्या जोडीने आता दुसऱ्या प्रकारचे ड्रोनही शेतावर घिरट्या घालताना दिसू लागलेत. त्यांना टाकी नसते, कॅमेरे असतात. ते पंधरा-वीस मिनिटं उडतात आणि नंतर शेतकऱ्याच्या मोबाईलवर एक रंगीत नकाशा येतो. त्यात कुठे गडद हिरवं, कुठे पिवळं, कुठे लाल. सोबत निरोप: ‘लाल भागात पीक कमजोर आहे, डोस द्या.’

या निरोपातला पहिला अर्धा भागही नेहमी खरा नसतो आणि दुसरा अर्धा भाग तर नकाशातून निघतच नाही. लाल रंग पाहून युरियाची पोती उघडणाऱ्याचे पैसे वाया जाऊ शकतात आणि खरा रोग तसाच राहू शकतो. म्हणून हा रंग येतो कुठून, हे एकदा नीट बघू. उदाहरणाला सोयाबीन घेऊ, कारण विदर्भ-मराठवाड्यात खरिपात लाखो शेतकऱ्यांचा जीव त्याच्यात अडकलेला असतो.

पान काय गिळतं आणि काय परत फेकतं

हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल रंग भरपूर शोषून घेतं. ते काम हरितद्रव्याचं. प्रकाशसंश्लेषणासाठी त्याला लाल आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा त्यामानाने कमी लागतो, म्हणून तो परत येतो आणि पान आपल्याला हिरवं दिसतं. लाल रंगाच्या पलीकडे आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक पट्टा आहे, निअर इन्फ्रारेड. याच्याशी हरितद्रव्याला काही देणंघेणं नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटून हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. म्हणजे निरोगी, दाट पीक लाल प्रकाशात जवळजवळ काळं दिसतं आणि निअर इन्फ्रारेडमध्ये झगझगीत.

मातीचं तसं नाही. तिच्याकडून दोन्ही प्रकारचा प्रकाश थोड्याफार फरकाने सारखाच परत येतो. या फरकाचं एका आकड्यात रूपांतर करायचं सूत्र 1970 च्या दशकात, नासाच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाची चित्रं वापरून अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशांचा अभ्यास करताना पुढे आलं. तेच आजचं एनडीव्हीआय:

```
NDVI = (NIR - Red) / (NIR + Red)
```

उत्तर -1 ते +1 यांच्यामध्ये येतं. पाणी साधारण शून्याखाली, उघडी माती 0.1 ते 0.2 च्या आसपास, दाट निरोगी पीक 0.8 च्या वर. ड्रोनखाली लावलेल्या मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्यात लाल, निअर इन्फ्रारेड अशा प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी भिंग आणि वेगळा सेन्सर असतो. सॉफ्टवेअर त्या फोटोंचं मोज़ेक जोडतं, प्रत्येक ठिपक्याला हे सूत्र लावतं आणि आलेल्या आकड्याला एक रंग देतं. म्हणजे नकाशातला हिरवा हा पानाचा हिरवा नव्हे आणि लाल हा पानाचा लाल नव्हे. दोन्ही रंग संगणकाने आकड्यावर चढवलेले आहेत. तिथे जांभळा-नारंगी चढवला असता तरी माहिती तीच राहिली असती. फक्त लाल बघून छातीत धस्स झालं नसतं.

इथे एक गोष्ट विचारून घ्या. तुमच्या शेतावर उडालेल्या ड्रोनला निअर इन्फ्रारेडचा कॅमेरा होता का? लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ड्रोनचा साधा कॅमेरा फक्त लाल, हिरवा, निळा टिपतो. त्यावरूनही हिरवेपणाचा एखादा आकडा काढून लाल-हिरवा नकाशा बनवता येतो आणि तो दिसायला हुबेहूब तसाच दिसतो. त्याचा थोडाफार उपयोगही आहे, पण त्याला एनडीव्हीआय म्हणून कुणी देत असेल तर ते खरं नाही.

एकच आकडा, दोन वेगळी दुखणी

आता हिशेब करून बघू. समजा पाच एकरांचा काळ्या जमिनीतला प्लॉट आहे, जूनच्या शेवटी पेरलेला, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रोन उडवला. पीक साधारण पंचेचाळीस दिवसांचं. खालचे आकडे सोयीसाठी घेतलेत, पण शेतात मिळतात तसेच आहेत.

शेताच्या चांगल्या भागात पानं एकमेकांना भिडलीत, ओळी झाकल्या गेल्यात. तिथून लाल प्रकाशाचा फक्त 4 टक्के भाग परत येतो आणि निअर इन्फ्रारेडचा 45 टक्के. सूत्रात घाला: 41 भागिले 49, म्हणजे 0.84. नकाशावर गडद हिरवा.

दुसऱ्या भागात ओळी झाकल्यात, पण पानं फिकट पडलीत. हरितद्रव्य कमी, म्हणून लाल प्रकाश जास्त परत येतो, 9 टक्के. पानं लहान आणि विरळ, म्हणून निअर इन्फ्रारेड 32 टक्क्यांवर उतरतं. 23 भागिले 41, म्हणजे 0.56. हा भाग खरोखर आजारी आहे.

तिसऱ्या भागात प्रत्येक झाड ठणठणीत आहे. पण उगवण कमी झाली, म्हणून अर्धी जमीन उघडी दिसते. उघड्या काळ्या मातीतून लाल 8 टक्के आणि निअर इन्फ्रारेड 11 टक्के परत येतं असं धरू. अर्धं निरोगी पीक आणि अर्धी माती यांची सरासरी काढली तर लाल 6, निअर इन्फ्रारेड 28. म्हणजे 22 भागिले 34, साधारण 0.65.

आता उगवण अजून थोडी कमी धरा, जमिनीचा 40 टक्केच भाग पानांनी झाकलेला. आकडा 0.59 वर येतो. म्हणजे पिवळ्या पडलेल्या दाट पिकाचा आकडा 0.56 आणि ठणठणीत पण विरळ पिकाचा 0.59. नकाशावर हे दोन्ही भाग एकाच रंगात येतील. पहिल्यात काहीतरी उपचार हवा. दुसऱ्यात ऑगस्टमध्ये करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, झाडं वाढवता येत नाहीत, आणि असलेल्या झाडांना जास्तीचं खत देऊन ती भरून निघत नाहीत. ‘लाल भागाला डोस द्या’ हा सल्ला या दोघांना सारखाच लागू पडतो, आणि म्हणूनच तो सल्ला म्हणून कुचकामी आहे.

हे वेगळं करायची सोय ड्रोनच्या चित्रातच असते, ती उपग्रहाच्या चित्रात नसते. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी, पण त्याचा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर जागेचा. त्यात झाडं आणि माती कालवलेलीच येणार. ड्रोन साठ मीटरवरून उडाला तर एक ठिपका तीन-चार सेंटीमीटरचा येतो, म्हणजे ओळ आणि दोन ओळींमधली माती वेगळी दिसते. पण होतं काय, कंपनी हे बारीक चित्र स्वतःजवळ ठेवते आणि शेतकऱ्याला एक-एक मीटरच्या चौकोनांची सरासरी काढून, गुळगुळीत केलेला ‘झोन मॅप’ पाठवते. ज्या तपशिलासाठी ड्रोन उडवला तोच पुसला जातो. म्हणून नकाशासोबत मूळ बारीक चित्र आणि त्याच उड्डाणातला साधा रंगीत फोटोही मागावा. लाल भाग मोठा करून बघितला की दोन मिनिटांत कळतं, माती दिसतेय की पिवळी पानं.

गंमत म्हणजे उलटी फसवणूकही होते. उगवण न झालेल्या जागेत केना माजला असेल तर नकाशा तिथे सुंदर हिरवा दाखवतो. पीक आणि तण यांच्यात एनडीव्हीआय भेद करत नाही, त्याला फक्त हिरवं पान कळतं. नाल्याकडेचा, धुऱ्याजवळचा अति-हिरवा पट्टा दिसला तर आनंद मानण्याआधी तिथे जाऊन यावं.

लाल म्हणजे किती लाल?

दुसरी मोठी गडबड रंगांच्या पट्टीत आहे. बहुतेक सॉफ्टवेअर शेतातला सगळ्यात कमी आकडा लाल धरतं, सगळ्यात जास्त हिरवा धरतं आणि मधल्या आकड्यांना पिवळं-नारंगी वाटून टाकतं. आता एखाद्या शेतात सगळं पीक उत्तम आहे, सर्वात कमी 0.78 आणि सर्वात जास्त 0.88. तरीही नकाशात लाल दिसणारच, कारण 0.78 हा त्या शेतातला ‘सगळ्यात वाईट’ आकडा. शेजारच्या शेतात पीक 0.35 ते 0.60 आहे, तिथे 0.60 ला भरगच्च हिरवा मिळेल. म्हणजे एका शेतातला लाल हा दुसऱ्या शेतातल्या हिरव्यापेक्षा कितीतरी चांगला!

म्हणून नकाशा हातात आल्यावर आधी रंग बघायचे नाहीत, कोपऱ्यातली आकड्यांची पट्टी बघायची. पट्टीच नसेल तर तो नकाशा म्हणजे शोभेचं चित्र. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ड्रोन उडवून ‘सुधारणा झाली का’ बघायचं असेल तर दोन्ही वेळा पट्टी तीच ठेवायला सांगायचं, समजा 0.2 ते 0.9. नाहीतर दोन्ही नकाशे सारखेच रंगीबेरंगी दिसतील आणि त्यातून काहीही सांगता येणार नाही.

वरच्या टोकाला आणखी एक अडचण आहे. पीक खूप दाट झालं की लाल प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषला जातो आणि एनडीव्हीआय 0.85 च्या आसपास अडकून बसतं. पानं आणखी वाढली तरी आकडा हलत नाही. फुलोऱ्यातल्या दाट सोयाबीनमध्ये किंवा बांधणीनंतरच्या उसात सगळं शेत एकसारखं हिरवं दिसतं ते बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी लाल आणि निअर इन्फ्रारेड यांच्या मधला ‘रेड एज’ नावाचा पट्टा कामाला येतो. सूत्र तेच, फक्त लालच्या जागी रेड एज घालायचा, त्याला एनडीआरई म्हणतात. कॅमेऱ्यात तो पट्टा असेल तर मोठ्या पिकासाठी एनडीआरईचा नकाशाच मागा.

आकार काय सांगतो

कारण शोधताना रंगापेक्षा डागाचा आकार जास्त बोलतो. निसर्गाला सरळ रेघा मारायची सवय नसते. लाल पट्टा अगदी सरळ, पेरणीच्या दिशेने, एक-दोन ओळींच्या रुंदीचा असेल तर पेरणी यंत्राची एखादी नळी तुंबली होती. पट्टा फवारणीच्या बूमइतका किंवा ड्रोनच्या एका फेरीइतका रुंद असेल तर तिथे औषध चुकलं, किंवा तणनाशक दोनदा पडून पीक होरपळलं. शेताच्या अर्ध्या भागात अचानक रंग बदलला आणि सीमा सरळ असेल तर तिथे जात बदलली का ते आठवा. जेएस-9305 लवकर पक्व होते, फुले संगम त्यामानाने उशिरा. सप्टेंबरच्या मध्यात पहिली पिवळी पडू लागते तेव्हा दुसरी हिरवीगार असते. नकाशात अर्धं शेत लाल, आणि प्रत्यक्षात सगळं ठीक.

वेडेवाकडे, कडा पसरट असलेले डाग जमिनीचे असतात. उंचवट्यावरची मुरमाड जागा किंवा पाणी साचणारी खोलगट जागा. गोल-गोल, विखुरलेले आणि पुढच्या नकाशात मोठे होत गेलेले डाग किडी-रोगांचे असू शकतात. आणि कधीकधी डाग शेताचा नसतोच. उड्डाणाच्या दिशेने एकाआड एक फिकट-गडद पट्टे दिसले तर तो कॅमेऱ्याचा किंवा ढगांचा प्रताप. उड्डाण चालू असताना ढग आला-गेला की प्रकाश बदलतो. चांगला ऑपरेटर उड्डाणाच्या आधी आणि नंतर एका ठरावीक राखाडी पाटीचा फोटो घेतो आणि ड्रोनच्या पाठीवरचा सेन्सर वरून येणारा प्रकाश मोजत राहतो. त्यावरून सॉफ्टवेअर ‘किती टक्के प्रकाश परत आला’ हे काढतं. पाटीचा फोटो घेतलाच नसेल तर आकडे एका दिवसाचे दुसऱ्या दिवसाशी जुळत नाहीत. उड्डाणाची वेळही सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान असावी. संध्याकाळी चारनंतर बांधावरच्या कडुलिंबाची सावलीसुद्धा रोग बनून नकाशात उतरते.

मग शेतात जाऊन काय बघायचं?

आपल्या पाच एकरांकडे परत येऊ. समजा नकाशात तीन गोष्टी दिसल्या: पूर्वेकडे दोन ओळींचा सरळ लाल पट्टा, मध्ये खोलगट जागी मोठा नारंगी डाग आणि पश्चिमेला चार-पाच छोटे लाल ठिपके. नकाशावर बोट ठेवलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते मोबाईलच्या नकाशात टाकून थेट त्या जागेवर जाता येतं. एक नियम पाळा, लाल जागेइतकीच शेजारची हिरवी जागाही बघा. तुलना नसेल तर प्रत्येक झाडात काहीतरी दुखणं सापडतंच.

पूर्वेच्या पट्ट्यात झाडंच नाहीत. नळी तुंबली होती, विषय संपला.

मधल्या डागात झाडं आहेत, पण खुजी आणि फिकट. चार झाडं मुळासकट उपटा, धुवा, मुळांवरच्या गाठी नखाने कापा. आतून गुलाबी-लालसर असतील तर त्या हवेतला नत्र बांधण्याचं काम करतायत. पांढुरक्या, हिरवट किंवा कुजलेल्या असतील तर काम थांबलंय, आणि खोलगट जागी याचं नेहमीचं कारण म्हणजे साचलेलं पाणी, मुळांना हवा नाही. इथे युरिया टाकला तर तो पाण्याबरोबर जाईल. चर काढून पाणी बाहेर काढणं हाच उपाय. मात्र पानंही बघा. अगदी वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, चुनखडीच्या ओल्या जमिनीत हे होतंच. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्राची कमतरता. हा वरचं-खालचं पान हा फरक ड्रोनला वरून कधीच कळणार नाही, त्याला फक्त शेंड्याचा पसारा दिसतो.

पश्चिमेच्या ठिपक्यांत कोवळ्या पानांवर गर्द पिवळे आणि हिरवे चट्टे मिसळलेले दिसले तर पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, झाड बरं होत नाही, ते उपटून नष्ट करायचं आणि माशीचा बंदोबस्त करायचा. 2023 च्या खरिपात या रोगाने विदर्भात किती नुकसान केलं ते अनेकांना आठवत असेल. पण तिथे पानं पिवळी नसून शेंडा सुकलेला असेल तर खोड बघा. खोडावर किंवा देठावर एकमेकांच्या वर दोन चकत्या कोरलेल्या असतील तर चक्री भुंगा. खोड उभं चिरल्यावर आत लालसर बोगदा आणि बारीक अळी दिसली तर खोडमाशी. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे उपाय, नकाशात तिघांचा रंग एकच.

पाच एकरांच्या शेतात या तिन्ही जागा आणि तीन हिरव्या जागा बघायला तास-दीड तास लागतो. नकाशाशिवाय हेच करायचं तर पाच एकर पिंजून काढावे लागले असते, आणि गुडघाभर सोयाबीनमध्ये मधला भाग कुणी सहसा बघत नाही, सगळे बांधावरून बघून परततात. नकाशाची किंमत इथे वसूल होते. तो निदान करत नाही, पण कुठे वाकून बघायचं ते सांगतो.

पाणी कमी पडल्याचं दुखणं मात्र एनडीव्हीआयमध्ये उशिरा दिसतं. ताण पडल्यावर आधी झाड बाष्पोत्सर्जन कमी करतं, पान तापतं, आणि हरितद्रव्य कमी व्हायला पुढे काही दिवस जातात. ‘रोग डोळ्यांना दिसायच्या आधी ड्रोन पकडतो’ ही जाहिरात ऐकली तर कोणता रोग, कोणत्या पिकात, कोणत्या कॅमेऱ्याने, असं विचारा. पानाचं तापमान मोजायला थर्मल कॅमेरा लागतो, तो वेगळा. सोयाबीन तर दुपारच्या ताणात पानंच उलटी करतं, फिकट खालची बाजू वर येते, आणि सकाळचा व दुपारचा आकडा वेगळा निघू शकतो.

हा सगळा विषय आता एका शेतापुरता राहिलेला नाही. पीक विम्यात उत्पादनाचा अंदाज काढायला केंद्राने 2023 च्या खरिपापासून ‘येस-टेक’ ही पद्धत भात आणि गव्हासाठी सुरू केली, 2024 पासून त्यात सोयाबीन आलं. तिथे मुख्यतः उपग्रहाची चित्रं आणि असेच निर्देशांक वापरले जातात, आणि पीक कापणी प्रयोगांच्या जोडीने त्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन द्यायचं ठरलं. वर पाहिलं तसं, 10 मीटरच्या ठिपक्यात केन्याचं हिरवं आणि सोयाबीनचं हिरवं एकच असतं. शेंगा भरल्या नाहीत पण पानं हिरवीच राहिली, असंही सोयाबीनमध्ये घडतं, आणि तेव्हा आकडा चांगला येतो, काट्यावर मात्र काही चढत नाही. अशा वर्षी शेतकऱ्याच्या हातात पुरावा हवा असेल तर तो रंगीत नकाशाचा स्क्रीनशॉट नव्हे. जागेच्या अक्षांश-रेखांशासह झाडाचा, शेंगांचा आणि मुळांचा तारखेचा फोटो, आणि शक्य असेल तर त्याच जागेचा आकड्यांच्या पट्टीसह ड्रोन नकाशा, असं एकत्र ठेवलेलं बरं. नुकसान दिसताच विमा कंपनीला कळवायची जी मुदत आहे ती मात्र नकाशा यायची वाट बघत नाही, म्हणून कळवणं आधी आणि ड्रोन नंतर.